चार्जर लावला की इयरफोन का भुणभुणतो

प्रश्न: फोन चार्जिंगला लावला की इयरफोनमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो, कधी कधी बारीक शिट्टीसारखा. कॉलवर समोरचाही म्हणतो की तुझ्याकडून काहीतरी घुमतंय. चार्जर काढला की लगेच शांत. मूळचा चार्जर हरवला म्हणून स्टँडवरून दीडशे रुपयांचा घेतला, तेव्हापासून हे सुरू आहे. दुकानदार म्हणतो जॅक बदलावा लागेल. नक्की दोष कशाचा?

उत्तर:

जॅक बदलू नका, निदान आत्ता तरी. खराब जॅकचा आवाज वेगळा असतो. तो खरखरतो, पिन हलवली की येतो-जातो, एका कानात गायब होतो, आणि मुख्य म्हणजे फोन नुसत्या बॅटरीवर असतानाही तसाच येतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करा. कुणाची तरी पॉवर बँक आणा, ती स्वतः भिंतीला जोडलेली नको, आणि तीच केबल, तेच इयरफोन ठेवून फोन तिच्यावर चार्जिंगला लावा. फोन चार्ज होतोय आणि कानात शांतता आहे, असं झालं तर फोन, इयरफोन आणि केबल तिन्ही सुटले. मग उरतो तो चार्जर, आणि त्याच्यामागची भिंतीतली वीज.

या प्रश्नाला बरेच जण एका वाक्यात उत्तर देतात, की स्वस्त चार्जरचे पाच व्होल्ट घाणेरडे असतात. ते अर्धंच खरं आहे. फोनमध्ये ते पाच व्होल्ट थेट ऑडिओच्या भागाला कधीच जात नाहीत. आधी चार्जिंगची आयसी त्यांतून बॅटरीला लागेल तेवढा, चारएक व्होल्टचा पुरवठा बनवते. त्यातून पुढे छोटे छोटे रेग्युलेटर प्रत्येक भागाला हवं तेवढं व्होल्टेज देतात, आणि आवाज बनवणाऱ्या आयसीला तर शेवटी कुठे १.८ व्होल्टच्या आसपासचा, बराच गाळलेला पुरवठा मिळतो. वाटेत बॅटरी बसलेली असते, ती स्वतःच मोठ्या कंडेन्सरसारखी हेलकावे पोटात घेते. त्यामुळे लाल तारेतून आलेली घाण कानापर्यंत पोचेपर्यंत फारशी उरत नाही.

पण केबलमध्ये काळी तारही असते, म्हणजे ग्राउंड. ते कुणी गाळत नाही, गाळता येतही नाही. फोनमधलं प्रत्येक व्होल्टेज ग्राउंडपासून मोजलं जातं, म्हणून ग्राउंड हलला की सगळंच त्याच्याबरोबर हलतं. इयरफोनच्या दोन्ही कानांची परतीची तार, आणि माइकचीसुद्धा, त्याच ग्राउंडला जोडलेली असते. या तक्रारीत जवळजवळ नेहमी जे सापडतं ते ग्राउंडच्या वाटेनं आलेलं असतं. ते तिथे कसं येतं हे कळायला चार्जरच्या आत डोकवावं लागेल.

भिंतीतले २३० व्होल्ट आधी डायोडमधून जातात आणि एका उच्च व्होल्टेजच्या कंडेन्सरमध्ये साधारण ३२५ व्होल्ट डीसी म्हणून साठतात. मग एक ट्रान्झिस्टर किंवा आयसी ते ३२५ व्होल्ट सेकंदाला पन्नास हजार ते लाखभर वेळा चालू-बंद करते, एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वाइंडिंगवर. दुसऱ्या वाइंडिंगवर कमी व्होल्टेज मिळतं, ते डायोड आणि कंडेन्सरनं सरळ करून यूएसबीच्या खाचेत येतं. दोन्ही वाइंडिंगमध्ये तारेची जोडणी नसते, आणि तुमची सुरक्षितता त्यावरच उभी असते. पण जोडणी नसली तरी दोन वाइंडिंग एकमेकींवर गुंडाळलेल्या असतात, म्हणजे त्यांच्यात आपोआप एक छोटा कंडेन्सर तयार झालेला असतो. एका बाजूला शेकडो व्होल्ट लाखभर वेळा उड्या मारत असताना प्रत्येक उडीचा थोडा करंट या कंडेन्सरमधून पलीकडे, तुमच्या पाच व्होल्टच्या बाजूला गळतो.

आता हा गळलेला करंट परत जाणार कसा? वीज वर्तुळातच फिरते, निघाली तिथे परत यावीच लागते. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मध्ये मुद्दाम एक निळी चकती, म्हणजे एक खास कंडेन्सरच, बसवलेली असते, तिला वाय कपॅसिटर म्हणतात. क्षमता साधारण एक नॅनोफॅरड. लाख हर्ट्झच्या करंटला ती चकती दीडेक हजार ओहमचा सोपा रस्ता देते, त्यामुळे बराचसा गोंधळ चार्जरच्या आतल्या आत परततो. हलक्या चार्जरमध्ये बहुधा ही चकतीच नसते, किंवा तिच्या जागी कुठलीही साधी सिरॅमिक चकती ठोकलेली असते. चकती नसली की त्या करंटला लांबचा फेरा घ्यावा लागतो. यूएसबीची काळी तार, फोनचा ग्राउंड, इयरफोनची तार, तुमचं शरीर, तुमच्या पायाखालची फरशी आणि मग जमीन. तुम्ही त्या वर्तुळाचा भाग होता, आणि तेही कानात तार घालून.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही, घरी पडताळता येतं. आवाज येत असताना फोन हातातून टेबलावर ठेवा, परत उचला. पाय फरशीला टेकवा, खाटेवर घ्या. आवाज कमी-जास्त झाला तर करंट तुमच्यातून वाट काढतोय. फोनची कड धातूची असेल तर चार्जिंगला लावल्यावर तिच्यावरून बोट अलगद फिरवल्यावर खरखरीत, मुंग्या आल्यासारखं लागतं, निऑनचा टेस्टरही मंद पेटतो, तेही याच कारणानं. त्याच चार्जरवर टाइप करताना स्क्रीन भलतीच अक्षरं उमटवते का, तेही बघा. बोट आणि काच यांच्यातल्या अगदी बारीक विद्युतभारावरून स्क्रीनला स्पर्श कळतो. फोनचा सगळा ग्राउंडच उड्या मारत असेल तर तिला बोट आहे तिथे आहे की नाही हेच समजत नाही. भुणभुण आणि भरकटणारी स्क्रीन या दोन तक्रारी एकत्र आल्या तर मी चार्जर पाहण्याआधीच त्याच्याबद्दलचं मत बनवून टाकतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती चुकीची सांगितली जाते. '५० हर्ट्झचा करंट गळतो, म्हणून ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते' हे गणितात बसत नाही. हिशेब करून पाहू. त्या चकतीच्या एक नॅनोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा करंट जास्तीत जास्त ७२ मायक्रोॲम्पियर येतो. तो सगळाच्या सगळा इयरफोनच्या परतीच्या तारेतून गेला आणि ती तार एक ओहमची धरली, तर ७२ मायक्रोव्होल्ट तयार होतात. ३२ ओहमचा, एक मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा इयरफोन घ्या. एक मिलिवॅट म्हणजे त्याच्यावर साधारण १७९ मिलिव्होल्ट. त्या मानानं ७२ मायक्रोव्होल्ट इतके क्षुल्लक की आवाज भरतो ३२ डेसिबल. आणि ५० हर्ट्झइतका खालचा सूर ऐकू यायला माणसाच्या कानाला चाळिसाहून जास्त डेसिबल लागतात. म्हणजे शुद्ध ५० हर्ट्झ तुम्हाला ऐकूच येणार नाही.

मग जे ऐकू येतं ते काय? त्या करंटवर बसलेले काटे. डायोड चालू होताना आणि बंद होताना प्रत्येक वेळी एक टोकदार झटका येतो, आणि त्याशिवाय ट्रान्झिस्टरच्या लाखभर उड्या असतातच. कंडेन्सरमधून करंट जितका वेगानं बदलेल तितका सोपा जातो, त्यामुळे हे काटे मूळ ५० हर्ट्झपेक्षा कितीतरी जोरात पलीकडे येतात. लाख हर्ट्झ कानाला ऐकू येत नाहीत, पण ते ॲम्प्लिफायरच्या आयसीत शिरले की तिथली सेमीकंडक्टरची जोडं त्यांची डायोडसारखी छाननी करतात आणि त्यांचा चढउतार तेवढा बाहेर काढतात. जुना एएम रेडिओ नेमकं हेच करतो, फक्त मुद्दाम. भिंतीच्या विजेच्या तालावर ते काटे सेकंदाला ५० किंवा १०० वेळा जोरात-हळू होत असतात, म्हणून कानात जी येते ती गोल, घुमणारी गुणगुण नसते, तर मधमाशीसारखी धारदार भुणभुण असते. तुम्ही 'घूंऽऽ' लिहिलंय, पण नीट ऐकलंत तर त्यात 'झ' सापडेल.

समोरच्याला ऐकू येणाऱ्या आवाजाचं गणित निराळं आहे. तुमच्या बोलण्यानं माइकच्या तारेवर जेमतेम काही मिलिव्होल्ट तयार होतात, आणि फोन त्यांना बरंच वाढवतो. इयरफोनला क्षुल्लक असलेले ते ७२ मायक्रोव्होल्ट माइकच्या पाच मिलिव्होल्टपुढे ठेवले तर सत्तरातला एक भाग भरतो, आणि त्याचे वरचे सूर समोरच्याला स्पष्ट ऐकू जातात. म्हणून पुष्कळदा अशी तक्रार येते की गाणी ऐकताना फारसं काही नाही, पण कॉल लागला की समोरचा वैतागतो. चार्जर एकच, करंट एकच, फरक फक्त तो कुठल्या तारेवर चढला याचा.

आता शिट्टी. तिचा मूळ धागा निराळा आहे, आणि तो बऱ्याचदा तुमच्या शरीरातून जात नाही. फोन चार्ज होताना एक-दोन ॲम्पियर करंट चार्जरकडे परत जात असतो, ग्राउंडच्याच वाटेनं. इयरफोनच्या आवाजाचा करंटही परतताना वाटेचा काही भाग त्याच ग्राउंडवरून चालत असेल, तर चार्जिंगच्या करंटचा प्रत्येक हेलकावा इयरफोनच्या वाटेला येतो. दोन घरांचं सांडपाणी एकाच पाइपानं जात असेल तर वरच्यानं बादली ओतली की खालच्याच्या मोरीत गुडगुड होते, तसं. फोन नीट बनवलेला असेल तर ऑडिओचा ग्राउंड वेगळा ओढून एका ठिकाणीच जोडतात, त्यामुळे ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर हा त्रास कमी असतो. पण ज्या फोनला जॅकच नाही आणि त्यात एकाच टाइप-सी खाचेत चार्जिंग आणि इयरफोन दोन्ही लावून देणारा तो इंग्रजी वाय आकाराचा जोड वापरला जातो, तिथे ग्राउंडची वाट खरोखरच सामाईक असते.

ती किती असू शकते तेही पाहा. स्वस्त जोडाच्या बारीक तारेचा आणि मळलेल्या पिनांचा मिळून ग्राउंडचा रेझिस्टन्स २० मिलिओहम धरा, हे काही अतिशयोक्तीचं नाही. दोन ॲम्पियरला त्यावर ४० मिलिव्होल्ट पडतात. ते स्थिर असतील तर कानाला पत्ता लागणार नाही. पण करंट पाच टक्के जरी हेलकावत असला तर दोन मिलिव्होल्टचा आवाज तयार झाला, म्हणजे मघाच्या इयरफोनवर साठेक डेसिबल. ही घरातल्या बोलण्याइतकी पातळी आहे. सगळाच हेलकावा इयरफोनवर येत नाही हे मान्य, पण त्याचा दहावा हिस्सा आला तरी चाळीस डेसिबल होतात, आणि शांत खोलीत रात्री तेवढे पुरतात.

करंट का हेलकावतो, याची दोन कारणं. एक, बॅटरी भरत आली किंवा स्क्रीन बंद झाली की फोन कमी वीज मागतो, आणि चार्जर सतत चालू-बंद करण्याऐवजी थोडं काम, थोडी विश्रांती अशा झटक्यांनी चालू लागतो. ते झटके वीस हजार हर्ट्झच्या खाली आले की ऐकू येणाऱ्या पट्ट्यात शिरतात, तीच शिट्टी. म्हणून स्क्रीन चालू-बंद केल्यावर सूर बदलला तर ती शिट्टी विजेच्या मागणीशी बांधलेली आहे असं समजा. दुसरं कारण हलक्या चार्जरचं खास, आत साठवणीचा कंडेन्सर नको इतका लहान असणं. ते एका उदाहरणानं सांगतो.

अलीकडे एका मुलानं माझ्या बाकावर आणलेला एक चार्जर. ठिकाण तुमच्यासारखंच, बसस्टँडबाहेरची टपरी. नाव कुठल्या कंपनीचं नव्हतं, वर '२ ॲम्पियर फास्ट' छापलेलं. फोन ३.५ मिलिमीटर जॅकचा. भुणभुण आणि शिट्टी दोन्ही. पॉवर बँकेवर शांत, माझ्या चांगल्या चार्जरवर शांत, याच्यावर आवाज. मग त्याची पिन सॉकेटमध्ये उलटी करून लावली, आणि भुणभुण जवळजवळ गेली. मुलगा खूश झाला, म्हणाला झालं की काम. मी मात्र इथेच सावध झालो, कारण दोन पिनांचा चार्जर उलटा लावल्यानं काहीही फरक पडता कामा नये. चांगल्या चार्जरमध्ये चार डायोडांचा ब्रिज असतो, त्याला फेज कुठल्या पिनेवर आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फरक पडतो याचा अर्थ आत एकच डायोड आहे, आणि दुसरी पिन सरळ आतल्या निगेटिव्हला जोडलेली आहे. ती पिन न्यूट्रलवर आली की आतला भाग जमिनीच्या जवळपास राहतो. फेजवर आली की अख्खा आतला भाग २३० व्होल्टनं वर-खाली होतो, आणि त्याच्याशी चकतीनं बांधलेली पाच व्होल्टची बाजूही त्याच्या मागे ओढली जाते.

मल्टीमीटरनं यूएसबीचं कवच आणि अर्थिंग यांच्यात मोजलं. एका बाजूनं लावला तर साधारण २१५ व्होल्ट एसी, उलटा लावला तर दोन-चार व्होल्ट. (हे मोजमाप घरी करू नका. सॉकेटच्या आसपास प्रोब घेऊन खेळण्यासारखं त्यात काही नाही.) २१५ हा आकडा ऐकून घाबरायला होतं, पण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही म्हणून तो इतका दिसतो. एक किलोओहमचा रेझिस्टर मीटरच्या दोन टोकांमध्ये घातला तर ७० मिलिव्होल्ट राहिले, म्हणजे ७० मायक्रोॲम्पियर, वरच्या हिशेबाच्या जवळ. भारतीय मानक आयएस १३२५२ अशा अर्थिंग नसलेल्या उपकरणाला ०.२५ मिलिॲम्पियरपर्यंतचा स्पर्श-करंट चालवून घेतं. तेवढ्यापुरता हा चार्जर पास झाला असता.

मग उघडला. एकच ४००७ डायोड, १३००१ जातीचा ट्रान्झिस्टर, आयसी वगैरे काही नाही. साठवणीला २.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हा किती लहान ते बघा. ३२५ व्होल्टला त्यात साधारण ०.११६ जूल ऊर्जा मावते. चार्जरनं पाच वॅट द्यायचे तर आत सात वॅट लागतात, आणि एकच डायोड असल्यानं कंडेन्सर २० मिलिसेकंदांतून एकदाच भरला जातो. तेवढ्या वेळात ०.१४ जूल हवेत. म्हणजे साठा पुढच्या भरणीपर्यंत पुरतच नाही. छापलेले दोन ॲम्पियर सोडा, एक ॲम्पियरही तो धड देऊ शकत नव्हता. व्होल्टेज खचताना दिसलं की फोनची चार्जिंग आयसी करंट कमी करते, सावरलं की वाढवते, आणि हे सेकंदाला ५० वेळा चालू राहतं. हाच तो हेलकावा.

पिन उलटी केल्यावरही मागे राहिलेली बारीक शिट्टी कुठून येत होती? आउटपुटला २२० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर होता आणि तोही सुकलेला. प्रयोग म्हणून त्याजागी चांगल्या प्रतीचा ४७० चा लावला, शिट्टी ऐकू येईनाशी झाली. चार्जर मात्र त्याला परत दिला नाही. कारण दोन्ही बाजूंना जोडणारी ती चकती १०२ छापलेली, एक किलोव्होल्टची साधी सिरॅमिक होती. खरा वाय कपॅसिटर अशा रीतीनं बनवलेला आणि तपासलेला असतो की तो बिघडला तरी शॉर्ट होण्याची शक्यता अगदी कमी राहावी. साधी चकती विजेच्या एखाद्या झटक्यात शॉर्ट होऊ शकते, आणि झाली की यूएसबीच्या काळ्या तारेवर थेट २३० व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगच्या मध्ये पिवळ्या टेपचा एकच पदर होता, बोर्डावर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमध्ये दोन मिलिमीटरसुद्धा अंतर नव्हतं. चांगल्या चार्जरमध्ये तिथे पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा ठेवतात, कित्येकदा बोर्डाला चीर पाडून.

तुमच्या चार्जरच्या आत हेच असेल असं नाही. पण पिन उलटी करून आवाजात ठळक फरक पडला तर एका डायोडचा चार्जर आहे असं बहुतेक धरून चाला, आणि ज्यानं तीन डायोड वाचवले त्यानं चकतीवर पैसे घातले असतील अशी आशा ठेवू नका. त्यावर तार असलेले इयरफोन कानात घालून झोपणं तर आजपासून बंद. कानातली कातडी पातळ आणि घामानं ओलसर असते, आणि झोपेत तुम्ही तार ओढून काढू शकत नाही. चार्जिंगच्या वेळी ब्लूटूथचे वापरा. फोनशी तारेचा संबंधच नसल्यानं त्यांत ही भुणभुणही येत नाही.

उपाय म्हणून चार्जर बदला, बाकीचे नुसते मलमपट्टीचे. नवीन घेताना बीआयएसचा ठप्पा आणि त्याखाली 'आर-' आणि आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहा, आणि बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घालून उत्पादकाचं नाव आणि वस्तू जुळते का ते बघा. खोटे क्रमांक छापणारे कमी नाहीत. मात्र ही नोंदणी सुरक्षिततेची आहे, आवाज येणार नाही याची हमी नाही. चांगल्या चार्जरवरही धातूच्या फोनला थोड्या मुंग्या लागू शकतात, वाय कपॅसिटर त्यातही असतोच. त्यात आवाज येत नाही तो चकती, मोठा साठवण कंडेन्सर आणि आउटपुटचा फिल्टर मिळून काटे मोडतात म्हणून.

केबलवर चिकटवायच्या त्या काळ्या फेराइटच्या गोळ्याबद्दल बरेच विचारतात. ती काही मेगाहर्ट्झच्या वरच्या काट्यांना अडवते, म्हणून भुणभुणीची धार थोडी बोथट होऊ शकते. शिट्टीला आणि माइकमधल्या घुमण्याला तिचा उपयोग नाही. गाडीतल्या ऑक्सच्या आवाजासाठी जो ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो तो इयरफोनला लावू नका. आतला इवलासा ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरसाठी बनवलेला असतो, ३२ ओहमच्या इयरफोननं तो दबतो आणि बेस निघून जातो. तीन पिनांच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या यूएसबीवर फोन लावला तर आवाज पुष्कळदा जातो, कारण गळलेल्या करंटला तुमच्याऐवजी अर्थिंगची तार मिळते. अट एवढीच, की भिंतीतल्या वरच्या मोठ्या भोकात खरोखर तार असावी. जुन्या चाळींत आणि वाड्यांत ते भोक बऱ्याच ठिकाणी नुसतं शोभेचं असतं. तिथे लॅपटॉपही भुणभुणतो, आणि तो बिचारा उगाच दुरुस्तीला जातो.

आणि समजा पॉवर बँकेवरही शिट्टी आलीच, तर मग शरीरातून जाणारी वाट नाही, सामाईक ग्राउंडचीच आहे. पॉवर बँकेच्या आतही व्होल्टेज वाढवणारं चालू-बंद चालू असतं, त्याचे हेलकावे चार्जिंगच्या करंटबरोबर येतात. तुम्ही वाय आकाराचा जोड वापरत असाल तर आधी तो बदला. नसाल तर चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारून बघा. खिशातला कापूस तिथे दाबून बसतो आणि पिन अर्धवट टेकते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं तो काढा, सुई नको. एवढं करूनही शिट्टी राहिली, केबल बदलूनही राहिली, तर चार्जिंगच्या खाचेचा ग्राउंड टाका सुटलाय का ते दुरुस्तीवाल्याकडून भिंगाखाली बघून घ्या. तिथे गेल्यावर 'जॅक बदला' म्हणू नका, 'चार्जिंग पोर्टचे ग्राउंडचे टाके परत मारून द्या' असं सांगा, ते काम जॅकपेक्षा स्वस्तात होतं.